रुपयाचा वेग आवरा, आकडा धरून ठेवू नका: रिझर्व्ह बँकेला एक खुलं पत्र

मा. गव्हर्नर साहेब आणि पतधोरण समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी मुलुंडला राहते. फोर्टातल्या एका बँकेच्या फॉरेक्स डीलिंग रूममध्ये २६ वर्षं बसले, आता निवृत्त आहे आणि ओळखीतल्या दोन-चार छोट्या आयातदारांची डॉलरची कामं बघते, कधी पेमेंट करायचं, कधी कव्हर घ्यायचं, बँकेने लावलेला रेट बरोबर आहे का, एवढंच. मिंट रोडची तुमची ती उंच इमारत आमच्या खिडकीतून दिसायची, त्यामुळे तुमच्याशी एकतर्फी का होईना पण जुनी ओळख आहे असं मी समजते. पत्र लांबलंय, पण मुद्दा एकच आहे, तेवढा शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

रुपयाला बाजारावर सोडलंय पण लगाम हातात ठेवलाय, ही आपली पद्धत मला मनापासून मान्य आहे. पूर्ण मोकळा सोडावा म्हणणाऱ्यांनी २८ ऑगस्ट २०१३ चा दिवस डीलिंग रूममध्ये काढलेला नसतो. मी काढलाय. त्या दिवशी रुपया ६६ च्या आसपासचा थेट ६८.८० च्या वर गेला, एका दिवसात अडीच रुपये, पण मला आकड्यापेक्षा स्क्रीनवरचं चित्र जास्त आठवतं. एरवी डॉलर घ्यायचा भाव आणि विकायचा भाव यात पाव-अर्धा पैशाचं अंतर असतं, त्या दुपारी ते पाच-दहा पैशांवर गेलं होतं, कारण विकायला कोणी तयारच नव्हतं. ज्यांच्याकडे डॉलर होते ते निर्यातदार "उद्या अजून मिळतील" म्हणून बसून होते आणि तेल कंपन्यांना तर काहीही झालं तरी रोज घ्यायचेच होते. आमचे सीनियर साहेब हेडफोन काढून म्हणाले, "आता हा भाव नाही राहिला, ही पळापळ आहे."

त्याच रात्री तुम्ही तिन्ही सरकारी तेल कंपन्यांसाठी वेगळी खिडकी उघडलीत, म्हणजे त्यांना लागणारे डॉलर थेट रिझर्व्ह बँकेकडून, तेही स्वॅपने, नंतर परत करायच्या बोलीवर. दुसऱ्या दिवशी रुपया दोन रुपयांच्या वर सावरला. तुम्ही कुठलाही आकडा जाहीर केला नव्हता, ६५ च्या खाली आणू वगैरे काही बोलला नव्हता, फक्त सगळ्यात मोठा आणि थांबू न शकणारा खरेदीदार बाजारातून बाजूला काढलात आणि दोन्ही बाजूंनी भाव पुन्हा सुरू झाले. तुमच्याकडचा डॉलरचा साठा, म्हणजे गंगाजळी, यासाठीच असते असं मी तेव्हापासून मानते. आणि ती कधी वापरायची हे ओळखायची खूणही तिथेच दिसते, घ्यायच्या आणि विकायच्या भावातलं अंतर फाटतं, सौदे एकाच बाजूचे होतात, छोट्या रकमेनेही भाव उडतो. रुपया ६८ वर आहे का ७२ वर यावरून ते कळत नाही.

२०२२ मध्येही तुम्ही बरोबर केलंत. सप्टेंबर २०२१ मध्ये गंगाजळी ६४२ अब्ज डॉलर होती, ऑक्टोबर २०२२ मध्ये ५२४ वर आली, तेव्हा टीव्हीवर किती आरडाओरडा झाला, सगळे डॉलर उडवले म्हणून. तुम्हीच मग सांगितलंत की त्या आर्थिक वर्षातली जवळपास दोन तृतीयांश घट ही विकल्यामुळे झालेलीच नव्हती, गंगाजळीतले युरो, पौंड आणि बाँड यांची डॉलरमधली किंमत उतरली होती. युद्ध, महागलेलं तेल, अमेरिकेचे वाढते व्याजदर, सगळं एकदम आलं आणि तरी रुपया ७४-७५ वरून ८३ ला गेला तो पायऱ्या-पायऱ्यांनी. आयातदाराला श्वास घ्यायला वेळ मिळाला.

माझी तक्रार त्यानंतरच्या दोन वर्षांबद्दल आहे.

२०२३ हे अख्खं वर्ष रुपया ८१ ते ८३.५० च्या मध्ये राहिला आणि शेवटचे काही महिने तर ८३ च्या आसपास असा चिकटला की आमच्या धंद्यातली मुलं दुपारी तीनलाच आवराआवर करायची. ८३.२५-३० आलं की सरकारी बँका विकायला उभ्या, हे सगळ्यांना पाठ झालं होतं, आणि त्या बँका कोणासाठी विकतात हेही सगळ्यांना माहीत होतं. डिसेंबर २०२३ मध्ये नाणेनिधीने आपल्या व्यवस्थेचं वर्गीकरण 'तरंगता' मधून काढून 'स्थिर केलेली' मध्ये टाकलं. तुम्हाला ते पटलं नाही, तुम्ही तसं स्पष्ट सांगितलंत. लेबलवर मला वाद घालायचा नाही, मला सांगायचंय ते खाली लोकांनी काय केलं ते.

वसईला माझ्या एका ओळखीच्या दादांचा प्लास्टिकचे डबे-बरण्या बनवायचा कारखाना आहे, त्यासाठीचा प्लास्टिकचा दाणा बाहेरून येतो, १२० दिवसांच्या उधारीच्या एलसीवर, म्हणजे बँकेच्या हमीपत्रावर. २०२२ पर्यंत ते प्रत्येक बिलाला फॉरवर्ड कव्हर घ्यायचे, म्हणजे चार महिन्यांनी लागणाऱ्या डॉलरचा भाव आजच बांधून टाकायचा. त्यासाठी प्रीमियम पडतो, चार महिन्यांचा डॉलरमागे साधारण ५०-५५ पैसे आणि बँकेचं मार्जिन धरून साठेक पैसे. २०२३ मध्ये त्यांनी हिशोब काढला की वर्षभर साठ-साठ पैसे भरले आणि रुपया तर तिथल्या तिथेच. मला म्हणाले, "ताई, रुपया हलतोय कुठे? हे पैसे मी उगाच देतोय ना?" मी कव्हर घ्या म्हटलं, पण खरं सांगायचं तर माझाही जोर कमी पडला, कारण मलाही रोज तेच दिसत होतं. मग त्यांनी कव्हर घेणं बंद केलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दीड लाख डॉलरचा माल निघाला, डॉलर ८४ च्या आसपास होता. कव्हर घेतलं असतं तर ८४.६० ला बांधलं गेलं असतं. पैसे भरायची तारीख आली सोमवार, १० फेब्रुवारी २०२५. त्या सकाळी रुपया ८७.९५ ला जाऊन आला, तोवरचा सगळ्यात तळाचा भाव, आणि यांचं पेमेंट नेमकं तेव्हाच लागलं, मार्जिन धरून ८७.९० ला. ८७.९० वजा ८४.६० म्हणजे डॉलरमागे ३ रुपये ३० पैसे, दीड लाख डॉलरवर ४ लाख ९५ हजार रुपये. एका बिलावर. लगेच मंगळवारी बाजारात जोरदार डॉलर विक्री आली आणि रुपया ८७ च्या आत आला, म्हणजे एक दिवस उशिरा भरता आलं असतं तर त्यातले लाख-दीड लाख वाचले असते. हा तोटा मी तुमच्या माथी मारत नाहीये हं, कव्हर न घेण्याचा निर्णय आमचा होता, चूक आमची. पण तो निर्णय आला कुठून, ते बघा. दोन वर्षं रुपया हललाच नाही तर माणूस छत्री घरी ठेवून निघतो, आणि असे हजारो आयातदार छत्रीशिवाय असले की पाऊस आला रे आला सगळे एकदम डॉलर घ्यायला धावतात आणि घसरण आणखी जोरात होते. जी उसळी तुम्हाला टाळायची होती ती त्या शांततेतच साठत गेली होती.

आता महागाईकडे येते, कारण तुमचं कायद्याने दिलेलं मुख्य काम ते आहे. २०१६ पासून लक्ष्य ४ टक्के, दोन टक्के वर आणि दोन टक्के खाली एवढी मोकळीक, सलग तीन तिमाह्या त्याच्या बाहेर गेलं तर सरकारला कारणं लिहून द्यायची. त्यामुळे रुपया घसरला की महागाई वाढेल म्हणून डॉलर विका, हा विचार वरवर एकदम सरळ वाटतो. पण तुमच्याच पतधोरण अहवालांमध्ये रुपया ५ टक्के घसरला तर महागाई किती वाढेल याचा अंदाज असतो, आणि तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये महागाई ६.२१ टक्के झाली, लक्ष्याच्या वरच्या टोकाबाहेर गेली, ती कशाने? भाज्यांनी. मुलुंडच्या मार्केटात टोमॅटो-कांदा महाग झाला तो डॉलरमुळे नाही. तेल महागलं, पण त्यात सप्टेंबरमध्ये सरकारने खाद्यतेलावर वाढवलेल्या आयात शुल्काचा हात मोठा. पेट्रोलचा भाव तर मार्च २०२४ मध्ये दोन रुपयांनी उतरवल्यावर पंपावर तसाच उभा होता, रुपया घसरो नाहीतर वाढो.

मग रुपया महागाईत शिरतो कसा? मी वसईत बघितलं तसं सांगते. दोन वर्षांत रुपया हळूहळू दोन-अडीच रुपये सरकला असता तर दादांनी डब्याचा भाव वाढवला नसता, दाण्याच्या जगातल्या भावातच त्याहून जास्त चढउतार होतात, ते मार्जिनमध्ये सोसतात. पण फेब्रुवारीत पाच लाखांचा फटका बसला आणि त्यांनी त्याच आठवड्यात १०० चा डबा ११० केला. हिशोबाने ३-४ रुपयेच वाढायला हवे होते, डब्याच्या खर्चात दाणा साधारण निम्मा धरला तर त्याहूनही कमी. पण घाबरलेला माणूस पुढच्या घसरणीचेही पैसे आजच लावतो. आणि पुढे रुपया सावरला तेव्हा ११० चा डबा १०० ला परत आला नाही, तो येतच नसतो. म्हणून मी म्हणते की महागाईच्या दृष्टीनेही खरा शत्रू झटका आहे. ८४ का ८६, हा आकडा नाही.

आता या सगळ्यातला जो भाग सगळ्यात कमी बोलला जातो तो. तुम्ही डॉलर विकता तेव्हा रुपये कुठून येतात? घेणाऱ्या बँकेच्या तुमच्याकडच्या खात्यातून. ते तुमच्याकडे जमा झाले की बाजारातून गायब. एक अब्ज डॉलर ८४.४० ने विकले तर ८,४४० कोटी रुपये बँकांच्या हातातून गेले. नोव्हेंबर २०२४ या एका महिन्यात तुम्ही निव्वळ २०.२ अब्ज डॉलर विकलेत, म्हणजे जवळजवळ १ लाख ७० हजार कोटी रुपये बाजारातून उचललेत. आणि त्या महिन्यात रुपया हलला किती, ८४.०८ च्या आसपासचा ८४.४९ झाला, चाळीसेक पैसे. तो महिना असा होता की अमेरिकेतल्या निवडणुकीनंतर डॉलर सगळ्याच चलनांपुढे वाढत होता, बाजारात पळापळ नव्हती, घेणारे होते, विकणारेही होते. २०१३ सारखी एकही खूण नव्हती.

त्याचा परिणाम असा की पतधोरण समितीने रेपो, म्हणजे तुम्ही बँकांना ज्या दराने उधार देता तो दर, ६.५ टक्क्यांवर ठेवला होता पण बँकाबँकांमधला रात्रीचा कॉल रेट त्याच्या वर जायला लागला, कारण रुपयेच कमी पडले. म्हणजे समितीत कोणी हात वर न करता व्याजदर वाढल्यासारखं झालं. आणि ते कधी, तर जुलै-सप्टेंबर तिमाहीची वाढ ५.४ टक्क्यांवर घसरल्याचा आकडा नोव्हेंबर संपताना आला, नेमकं तेव्हा. तुम्ही उपाय केलेत, नाही केलेत असं मी म्हणत नाही. ६ डिसेंबरला सीआरआर, म्हणजे बँकांनी तुमच्याकडे ठेवायचा ठेवींचा हिस्सा, अर्ध्या टक्क्याने कमी केलात, १ लाख १६ हजार कोटी सुटले. तरी जानेवारीच्या शेवटी बँकांकडची रुपयांची तूट ३ लाख कोटींच्या वर गेली, त्यात कराचे पैसे, लोकांच्या हातातली वाढती रोकड अशी बाकीची कारणंही होती, पण डॉलर विक्रीचा वाटा मोठा. मग २७ जानेवारीला ६० हजार कोटींची रोखे खरेदी आणि ५ अब्ज डॉलरचा स्वॅप जाहीर झाला. एका हाताने काढलेलं दुसऱ्या हाताने परत द्यायला दोन-अडीच महिने लागले आणि तेवढ्यात छोट्या धंद्याच्या कॅश क्रेडिटवर बँकेने नाही म्हणायला सुरुवात केली होती, मी स्वतः दोन ठिकाणी बघितलं.

स्वॅपबद्दलही थोडं, कारण सामान्य वाचकाला हे कोणी समजावत नाही. २०१३ मध्ये तुम्ही आधी डॉलर दिले होते, जानेवारीच्या या स्वॅपमध्ये उलटं, रिझर्व्ह बँक आज बँकांकडून डॉलर घेते, रुपये देते आणि ठरलेल्या तारखेला तेच डॉलर परत विकायचं वचन देते. आज गंगाजळी भरलेली दिसते, बाजारात रुपयेही परत येतात, पण पुढच्या तारखेचं देणं डोक्यावर बसतं. शिवाय फॉरवर्डमध्ये आणि परदेशातल्या एनडीएफ बाजारात, जिथे डॉलर हातात न देता फक्त भावातला फरक चुकता होतो, केलेली विक्री वेगळी. हे सगळं पुढचं देणं फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी ८८ अब्ज डॉलरच्या वर गेलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी पाचला तुमचा साप्ताहिक आकडा येतो आणि बातम्यांमध्ये "गंगाजळी एवढी वाढली" म्हणून चालतो, त्यात हे वजा केलेलं नसतं. तुम्ही लपवत नाही, महिन्याच्या तक्त्यात सगळं असतं हे मला माहीत आहे, पण तो तक्ता उशिरा येतो आणि वाचतात आमच्यासारखे थोडे.

म्हणून माझं मागणं असं आहे.

पतधोरणाच्या ठरावात परकीय चलन व्यवहारांवर एक परिच्छेद असू द्या. मागच्या दोन महिन्यांत डॉलरच्या व्यवहारांमुळे बाजारात किती रुपये आले किंवा गेले आणि ते कसे भरून काढले, एवढंच. समितीतले तीन सदस्य बाहेरचे असतात, ते रेपोवर मत देतात, डॉलर कधी विकायचे हे त्यांच्या हातात नाही आणि असूही नये, ते काम मिनिटा-मिनिटाचं आहे. पण ज्या विक्रीमुळे त्यांनीच ठरवलेला दर बाजारात वर सरकतो तिचा हिशोब निदान त्यांच्या समोर आणि आमच्या समोर एकाच वेळी यावा. आणि जिथे महिन्याला १५-२० अब्जांची विक्री करायची वेळ येते तिथे रुपये परत सोडायची तयारी त्याच आठवड्यात दिसावी, दोन महिन्यांनी नको.

दुसरं, खरेदी-विक्रीचे आकडे. नोव्हेंबरचा आकडा आम्हाला जानेवारीच्या बुलेटिनमध्ये कळतो. रोजचे सौदे सांगू नका, सट्टेवाल्यांना तुमचे पत्ते दिसतील हे मी स्वतः त्या खुर्चीवर बसून शिकलेय. पण आठवड्याची निव्वळ बेरीज तीन आठवड्यांनी सांगायला काय हरकत आहे? तोवर तो डाव संपलेला असतो. आणि शुक्रवारच्या गंगाजळीच्या आकड्याखाली पुढच्या देण्याची एक ओळ टाका.

तिसरं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, शांत दिवसांत रुपयाला हलू द्या. रोज दहा-पंधरा पैसे इकडेतिकडे, कधी मजबूत, कधी कमजोर. आयातदाराला हालचालीची सवय राहिली तर तो साठ पैसे भरून कव्हर घेतो, निर्यातदार डॉलर दाबून ठेवत नाही, आणि खरी पळापळ येते तेव्हा तुमच्या तिजोरीवरचा भार आपोआप कमी होतो. रुपया वाढत असतो तेव्हा तुम्ही डॉलर घेऊन ठेवता तेही बरोबरच आहे, सप्टेंबर २०२४ मध्ये ७०० अब्जांच्या वर साठा होता म्हणून तर पुढचे महिने निभावले. तो साठा चाळीस पैशांसाठी खर्च होऊ नये, एवढंच मला म्हणायचंय. विकायला उतरायचंच असेल तर भावातलं अंतर फाटल्यावर उतरा, ८३.३० किंवा ८४.५० असा आकडा स्क्रीनवर आला म्हणून नको. ज्या दिवशी बाजाराला तुमचा आकडा पाठ होतो त्या दिवसापासून तो सांभाळायचा खर्च वाढत जातो, आणि सोडावा लागतो तेव्हा ८४ वरून ८८ व्हायला चार महिनेही पुरतात.

वसईचे दादा आता प्रत्येक बिलाचं निम्मं कव्हर घेतात, निम्मं अजूनही उघडं ठेवतात. पूर्ण का नाही विचारलं तर म्हणाले, "ताई, परत दोन वर्षं रुपया धरून ठेवला तर?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, ते तुम्हीच द्यायचंय, आणि ते भाषणातून नको, रोजच्या बाजारातून द्या.

आपली नम्र,
एक निवृत्त फॉरेक्स डीलर
मुलुंड, मुंबई